साठीच्या सभासदांपैकी दहा वर्षांनी किती जण हयात असतील? जीवनसारणीचा हिशेब

शिवारवाटा (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावात चाळीस शेतकऱ्यांचे एक मंडळ आहे. सगळे पुरुष आणि सगळे साठीच्या आसपासचे. एखाद्या सभासदाचे निधन झाल्यास त्याच्या घरी लगेच २५,००० रुपये पोहोचवायचे, म्हणजे तेरवीपर्यंतच्या खर्चासाठी घरच्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, असे आम्ही ठरवले आहे. योजना दहा वर्षांची असून शेवटी काही शिल्लक राहिल्यास ती हयात सभासदांनी वाटून घ्यायची आहे. सचिव म्हणून वार्षिक वर्गणी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि त्यासाठी आधी हे कळायला हवे की आज साठ वर्षांचा असलेला माणूस सत्तरी गाठण्याची शक्यता किती धरावी.

हिशेबाची रीत कळावी म्हणून मी काही मृत्युदर धरून चाललो आहे. ते कोठेही प्रसिद्ध झालेले नाहीत, खरे आकडे नंतर बसवता येतील. वय ५५ ते ५९ मध्ये दरवर्षी हजारी १६, वय ६० ते ६४ मध्ये हजारी २४ आणि वय ६५ ते ६९ मध्ये हजारी ३६. यावरून पुढे कसे जावे, हे जाणकारांनी सांगावे.

संत्राबाग (मोर्शी)

एवढा हिशेब कशाला हवा? भारतातील सरासरी आयुर्मान सत्तर वर्षे आहे, असे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. साठ वर्षांच्या माणसाला त्यातून दहा वर्षे उरली. सरासरी म्हटली की निम्मे अलीकडे आणि निम्मे पलीकडे, म्हणजे चाळीसपैकी वीस जण दहा वर्षांनी असतील. त्याप्रमाणे वर्गणी लावावी.

रेघोट्या (अमरावती)

संत्राबाग भाऊ, सत्तरचा आकडा बरोबर आहे. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेच्या २०१६-२० च्या सारणीत तो ७०.० असाच दिलेला आहे. मात्र ते जन्माच्या वेळचे आयुर्मान आहे. पहिल्या महिन्यात दगावलेले बाळ, विसाव्या वर्षी अपघातात गेलेला मुलगा, बाळंतपणात गेलेली स्त्री, या सगळ्यांची आयुष्ये त्या सरासरीत मिसळलेली असतात. ज्याने साठी गाठली त्याने हे सगळे धोके मागे टाकलेले असतात, म्हणून त्याचे उरलेले आयुष्य ‘सत्तर वजा साठ’ असे काढता येत नाही. त्याच सारण्यांमध्ये साठाव्या वर्षीचे उरलेले आयुर्मान वेगळ्या स्तंभात दिलेले असते आणि भारतासाठी ते अठरा वर्षांच्या आसपास आहे. तेव्हा साठीच्या चाळीसपैकी सत्तरी गाठणारे निम्म्याहून बरेच जास्त असणार. किती जास्त, ते सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी जीवनसारणीतला ‘हयात’ हा स्तंभच लागतो, म्हणजे सुरुवातीच्या माणसांपैकी कोणत्या वयाला किती जण उरतात हे सांगणारा स्तंभ.

विमा_सोबती (अकोला)

मी विम्याचे काम करतो. सचिवांचे आकडे घेतले तर उत्तर सोपे आहे. दरवर्षी हजारी २४ मृत्यू, म्हणजे दहा वर्षांत २४०. हजारातून २४० वजा केले की ७६० उरतात, म्हणजे हयात राहण्याची शक्यता ७६ टक्के. शिवाय असे अंदाजाचे दर घेण्यापेक्षा भारतीय विमाधारकांची २०१२-१४ ची मृत्युसारणी घ्यावी, कारण विमा कंपन्या तीच वापरतात आणि तीत एकेका वयाचा दर दिलेला असतो.

रेघोट्या (अमरावती)

तुमचे ७६० हे उत्तर खऱ्या उत्तराच्या जवळ आले आहे, पण रीत चुकलेली आहे आणि दुसऱ्या एखाद्या वयाला ती फसवेल. त्यात दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढत आहेत. पहिली अशी की दहाही वर्षे २४ चाच दर लावला, प्रत्यक्षात पासष्टीनंतर तो ३६ होतो. ही एकच चूक दुरुस्त केली तर पाच वर्षांचे १२० आणि पुढील पाच वर्षांचे १८० असे ३०० मृत्यू होऊन ७०० उरतात. दुसरी अशी की प्रत्येक वर्षी मूळ हजारांतूनच मृत्यू वजा केले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हजार माणसे उरलेलीच नसतात, आणि जे गेले ते पुन्हा जात नाहीत.

म्हणून सारणी एकेका टप्प्याने खाली उतरते. साठाव्या वर्षी हजार जण घेऊ. ६० ते ६४ या पाच वर्षांत त्यांच्यापैकी किती जातील, हे काढताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: मृत्युदर हा ‘जगलेल्या वर्षांमागे मृत्यू’ असा मोजलेला असतो, आणि जे या पाच वर्षांत जातात ते पाचही वर्षे जगलेले नसतात, सरासरीने अडीच वर्षे जगलेले असतात. त्यामुळे ५ × ०.०२४ = ०.१२ ला १ + २.५ × ०.०२४ = १.०६ ने भागायचे. उत्तर ०.११३२ येते, म्हणजे हजारातील ११३ जण जातात आणि ८८७ जण पासष्टी गाठतात. पुढच्या टप्प्यासाठी ०.१८ भागिले १.०९ म्हणजे ०.१६५१. हा भाग आता हजारातून न घेता ८८७ मधून घ्यायचा. १४७ वजा होऊन ७४० उरतात. साठीचा माणूस सत्तरी गाठण्याची शक्यता यावरून ७४ टक्के येते.

संगणकावर करायचे असल्यास दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत B स्तंभात तिन्ही दर लिहावेत, C2 मध्ये पहिले सूत्र देऊन ते C4 पर्यंत खाली ओढावे, आणि साठ ते सत्तरसाठी शेवटचे दोन गुणावेत:

```
=1-5*B2/(1+2.5*B2)
=C3*C4
```

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे दर ०.०२४ असा न लिहिता २४ असा लिहिणे. मग C मधले उत्तर शून्याच्या खाली जाते, त्यामुळे ती लगेच पकडता येते. ०.२४ असे लिहिले तर मात्र उत्तर शून्याच्या वरच राहते आणि चूक नजरेतून सुटते. त्यासाठी तपासणीचा एक सोपा मार्ग आहे: दोन्ही टप्प्यांच्या ०.१२ आणि ०.१८ ची बेरीज ०.३० घेऊन =EXP(-0.3) काढावे. ०.७४१ येते. दोन्ही उत्तरांत मोठा फरक पडला तर कोठेतरी दशांशचिन्ह सरकले आहे, असे समजावे.

विमाधारकांच्या सारणीबद्दल माझे मत वेगळे आहे. विमा घेणारा माणूस तब्येतीच्या प्रश्नांना उत्तरे देऊन, कधी तपासणी करून आत येतो, हप्ते भरण्याइतका त्याचा हातही सैल असतो. त्याचा मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा कमीच असतो. ती सारणी दारव्ह्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना लावली तर मृत्यू कमी धरले जातील आणि निधी आटेल. नमुना नोंदणी योजनेच्या सारण्यांमध्ये राज्यवार, ग्रामीण आणि शहरी, पुरुष आणि स्त्रिया अशी विभागणी असते, तेव्हा महाराष्ट्राची ग्रामीण पुरुषांची सारणी घ्यावी. तीत ‘हयात’ स्तंभ तयारच असतो, त्यामुळे ७० वयासमोरचा आकडा भागिले ६० वयासमोरचा आकडा एवढेच करायचे राहते. विदर्भाची किंवा जिल्ह्याची वेगळी सारणी त्या मालिकेत नाही.

विमा_सोबती (अकोला)

पटले. तरीही एक सांगतो. विमाधारकांच्या सारणीत एकेक वय वेगळे असते, तुमच्या सारणीत पाच-पाच वर्षांचे गठ्ठे. मंडळात ५७ चा माणूस असेल तर त्याचे काय करणार?

शिवारवाटा (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

मीही हेच विचारणार होतो. आमच्यात ५७ वर्षांचे तिघे आहेत.

रेघोट्या (अमरावती)

पंचावन्नपासून सुरुवात करू. तेथे १००० जण घेतले, तर वरच्या रीतीने साठाव्या वर्षी ९२३.१, पासष्टाव्या वर्षी ८१८.६ आणि सत्तराव्या वर्षी ६८३.४ उरतात. ५५ ते ६० या पाच वर्षांत ७६.९ जण गेले. ५७ पर्यंत दोन वर्षे होतात, म्हणून त्यातले दोन-पंचमांश, म्हणजे ३०.८ वजा करून ५७ व्या वर्षी ९६९.२ जण धरावेत. त्याच पद्धतीने ६५ आणि ७० च्या मधला ६७ चा आकडा ७६४.५ येतो. ७६४.५ भागिले ९६९.२ म्हणजे ०.७८९, सुमारे ७९ टक्के.

मृत्यू पाच वर्षांत सारखे विभागलेले नसून उतारवयात दरवर्षी थोडे वाढत जातात, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो योग्यच आहे. आकडे सरळ रेषेऐवजी गुणोत्तराने विभागून पाहिले तर ०.७८६ येते. फरक हजारात दोन-तीनचा आहे. आपले मूळ दर एवढे नेमके नाहीत, म्हणून त्यावर डोके शिणवू नये. फक्त एक करू नये: ५७ च्या माणसाला ५५ चे किंवा ६० चे उत्तर तसेच लावू नये, कारण ५५ चे उत्तर ८२ टक्के आणि ६० चे ७४ टक्के आहे.

गाविलगड (धारणी)

मी आरोग्याच्या कामात आहे आणि मेळघाटात गावोगाव फिरते. मला वाटते की येथे एक गोष्ट सुटते आहे. आमच्या भागात पाच वर्षांच्या आतली मुले दगावण्याचे प्रमाण जास्त आहे आणि गडचिरोलीच्या काही भागांतही तेच आहे. राज्याची सारणी वापरली तर हे दिसत नाही. ज्या भागात बालमृत्यू जास्त आहेत, तेथील साठ वर्षांच्या माणसाची दहा वर्षे जगण्याची शक्यताही कमीच धरायला हवी ना?

रेघोट्या (अमरावती)

ताई, बालमृत्यूंनी जन्माच्या वेळचे आयुर्मान खूप खाली येते, हे खरे आहे. या प्रश्नात मात्र ते गळून पडतात. नागपूरहून यवतमाळला निघालेल्या एस.टी.त वर्ध्यापासून यवतमाळपर्यंत किती जण बसून राहिले, हे मोजायचे असेल तर बुटीबोरीला किती उतरले याला महत्त्व राहत नाही. आपण सत्तरचा आकडा साठच्या आकड्याने भागतो, आणि बालपणी गेलेल्यांमुळे दोन्ही आकडे एकाच प्रमाणात लहान झालेले असतात. वरच्या उदाहरणातच पाहा: साठाव्या वर्षी हजार धरले तेव्हा सत्तरीला ७४० उरले, आणि पंचावन्नपासून सुरुवात केली तेव्हा ६८३.४ भागिले ९२३.१ हेही ०.७४ च आले.

तरी तुमच्या म्हणण्यात एक सत्य उरतेच. ज्या कारणांनी मुले दगावतात, म्हणजे दवाखाना दूर असणे, पावसाळ्यात रस्ता बंद होणे, पोटाला पुरेसे नसणे, ती कारणे म्हाताऱ्यांनाही भोवतात. त्यामुळे तेथे साठीनंतरचा मृत्युदरही जास्त असू शकतो. पण तो स्वतंत्रपणे मोजावा लागेल, बालमृत्यूंवरून ठरवता येणार नाही.

धूळपाटी (चिखली, जि. बुलढाणा)

निवृत्त शिक्षक आहे, म्हणून थोडी जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे त्या एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ या शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून अशीच सारणी केली होती. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. त्या सारणीत एक वर्षाचे १००० धरले, तर साठाव्या वर्षी २४२ आणि सत्तराव्या वर्षी १४२ उरतात. १४२ भागिले २४२ म्हणजे ०.५८७. सव्वातीनशे वर्षांपूर्वीसुद्धा साठी गाठलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सत्तरी पाहत होते, हे संत्राबाग यांनी ध्यानात घ्यावे.

हॅली यांनी एका शहराच्या नोंदींवरून सारणी केली, तर मग राज्याच्या सारणीमागे कशाला लागायचे? ग्रामपंचायतीत मृत्यू नोंदवही असतेच. त्यावरून गावाचीच सारणी करावी, म्हणजे दारव्ह्याच्या मातीचा खरा आकडा मिळेल.

रेघोट्या (अमरावती)

गुरुजी, हॅली यांचे उदाहरण छान दिलेत. पण तेथे अख्ख्या शहराच्या नोंदी होत्या आणि आपल्यापुढे एक गाव आहे. धरून चालू की गावात ६० ते ६९ वयाचे १८० जण आहेत. पाच वर्षांची नोंदवही पाहिली तर जगलेली वर्षे ९०० होतात. त्यात २७ मृत्यू सापडले, तर दर बरोबर हजारी ३० येतो आणि दहा वर्षांची शक्यता ०.७४. दिसायला उत्तम आहे. परंतु २७ हा आकडा केवळ योगायोगानेही बराच हलतो. त्याचे वर्गमूळ ५.२, आणि त्याच्या दुपटीइतका फरक दोन्ही बाजूंना धरला तर १७ ते ३७ पर्यंत काहीही निघू शकले असते. दर हजारी १९ ते ४१ आणि दहा वर्षांची शक्यता ८३ टक्क्यांपासून ६६ टक्क्यांपर्यंत. एवढ्या रुंद पट्ट्यावर वर्गणी ठरवता येत नाही.

गाविलगड (धारणी)

नोंदवहीची आणखी एक अडचण मला रोज दिसते. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडतो तेथे होते, माणूस कोठला आहे यावर नाही. गावातून जिल्ह्याच्या रुग्णालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरला नेलेला माणूस तेथे गेला, तर नोंद तेथेच होते. गावाच्या वहीत तो सापडत नाही, मात्र गावाच्या लोकसंख्येत तो मोजलेला असतो. साठीच्या पुढचे आजारी लोक शेवटी मोठ्या दवाखान्यातच नेले जातात, म्हणून नेमक्या याच वयाचे मृत्यू वहीतून गळतात आणि गाव आहे त्यापेक्षा निरोगी भासते. ताडून पाहायचे असेल तर वहीवर न थांबता आशाताईंना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून गेल्या पाच वर्षांतील तेरव्यांची यादी करावी. दोन्ही याद्यांमधला फरकच सांगेल की किती मृत्यू निसटले.

धूळपाटी (चिखली, जि. बुलढाणा)

हे ध्यानात आले नव्हते. तरीही मला वाटते की तालुक्यातील तीस-चाळीस गावांच्या तेरव्यांची यादी एकत्र केली तर राज्याच्या आकड्यापेक्षा जवळचा आकडा मिळेल.

रेघोट्या (अमरावती)

मिळेल, यादी प्रामाणिक असेल तर.

माहेर_पुसद

माझ्या वडिलांचे वय ६० च आहे. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झाली. हा धागा वाचल्यापासून ७४ टक्के हा आकडा मनात घर करून बसला आहे. त्यांच्याबाबतीत हाच धरावा का? आमच्या आजोबांनी मात्र नव्वदी पाहिली होती.

रेघोट्या (अमरावती)

ताई, हा आकडा तुमच्या वडिलांचा नाही. एक तर वरचे दर केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. शिवाय खरी सारणी घेतली तरी ती साठीच्या सगळ्या पुरुषांची सरासरी असते: शेतात दिवसभर राबणारे, अंथरुणाला खिळलेले, तंबाखू खाणारे, न खाणारे, सगळे त्यात आले. मधुमेह आणि हृदयविकार असलेल्यांचा दर त्या सरासरीच्या वर असतो, पण किती वर, हे साखर किती ताब्यात आहे, मूत्रपिंडांची स्थिती काय आहे, हृदयाची ताकद किती उरली आहे, यावर ठरते. सारणीला यातले काही माहीत नसते. त्यांचे डॉक्टर तपासण्या पाहून जे सांगतील ते या ७४ पेक्षा जास्त उपयोगाचे असेल. आजोबांच्या नव्वदीचा काही आधार असतो, परंतु तो टक्क्यांत मांडता येईल असे मी म्हणणार नाही.

शिवारवाटा (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

आता वर्गणीकडे येतो. सोयीसाठी सगळे साठ वर्षांचे धरले. चाळीसपैकी २६ टक्के म्हणजे १०.४ मृत्यू, प्रत्येकी २५,००० प्रमाणे २,६०,००० रुपये. चाळीस सभासद, दहा वर्षे, म्हणजे ४०० वर्गण्या. भागाकार ६५० रुपये येतो. व्याज मी धरलेले नाही. हे सभेत मांडावे का?

विमा_सोबती (अकोला)

थांबा. गेलेला सभासद पुढची वर्गणी कोठून भरणार? ४०० वर्गण्या येणारच नाहीत.

रेघोट्या (अमरावती)

अगदी नेमके बोललात, आणि जीवनसारणीतील ‘जगलेली वर्षे’ हा स्तंभ यासाठीच असतो. चाळीस जणांपासून सुरुवात केली तर पाच वर्षांनी ३५.५ आणि दहा वर्षांनी २९.६ उरतात. पहिल्या पाच वर्षांत सरासरीने ३७.७ जण वर्गणी भरतील, म्हणजे सुमारे १८९ वर्गण्या. पुढच्या पाच वर्षांत सरासरीने ३२.५ जण, म्हणजे १६३ वर्गण्या. एकूण ३५१ च्या आसपास. २,६०,००० ला ३५१ ने भागल्यास ७४० रुपये येतात. ६५० ठेवली असती तर योजनेच्या शेवटी सुमारे ३२,००० रुपयांचा खड्डा पडला असता आणि तो नेमका शेवटच्या एक-दोन कुटुंबांच्या वाट्याला आला असता. वर्गणी वर्षाच्या सुरुवातीलाच गोळा केली तर थोड्या जास्त वर्गण्या येतील, पण तेवढी सूट हिशेबाबाहेर ठेवलेली बरी.

सभेत दुसरेही सांगावे लागेल. १०.४ ही सरासरी आहे, दिलेला शब्द नाही. चाळीस जणांच्या मंडळात प्रत्यक्ष मृत्यू पाचपासून सोळापर्यंत कोठेही होऊ शकतात. हा पट्टा असा निघतो: ४० × ०.७४ × ०.२६ = ७.७, त्याचे वर्गमूळ २.८, आणि त्याच्या दुपटीइतके दोन्ही बाजूंना. सोळा मृत्यू झाले तर ४,००,००० रुपये लागतील. पाच झाले तर बरीच रक्कम उरून वाटता येईल. चारशे सभासद असते तर हा धोका प्रमाणाने बराच लहान झाला असता. तुमच्यासाठी मार्ग असा की सुरुवातीला प्रत्येकाने ३,००० रुपये परत मिळणारी ठेव म्हणून द्यावेत. त्यातून १,२०,००० रुपयांचा आधार तयार होईल आणि बहुतेक वाईट प्रसंग त्यात भागतील, सगळे नाही.

गाविलगड (धारणी)

वयाच्या कागदांबद्दलही विचार करावा. आमच्याकडे यादी काढली की अर्ध्याअधिक लोकांची जन्मतारीख १ जून निघते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली असते, आणि वय विचारले की साठ किंवा पासष्ट असेच गोल उत्तर मिळते. शिवाय श्रावणबाळ योजनेसाठी ६५ पूर्ण लागतात, एस.टी.चे अर्धे तिकीटही पुरुषांना ६५ नंतरच मिळते, त्यामुळे काहींचे वय कागदावर थोडे पुढे सरकलेले असते.

धूळपाटी (चिखली, जि. बुलढाणा)

१ जूनचा दोष आम्हा शिक्षकांच्या माथी मारू नये. जन्मतारीख विचारली की पालक सांगत, ‘त्या साली मोठा पूर आला होता’. मग आम्ही काय लिहावे?

रेघोट्या (अमरावती)

वय मागे-पुढे दोन्हीकडे सारखेच चुकले असेल तर फार बिघडत नाही. सत्तरीपुढचा दर हजारी ५४ धरून पाहिले तर ६३ चे उत्तर ६८ टक्के येते. ५७ चे ७९ आणि ६३ चे ६८ यांची सरासरी साडेत्र्याहत्तर, म्हणजे साठच्या ७४ ला खेटूनच आहे. सगळी वये एकाच दिशेला सरकली असतील तर मात्र उत्तरही सरकते. कागदावर ६३ आणि प्रत्यक्षात ६० असे पुष्कळ असतील, तर तुम्ही मृत्यू जास्त धराल आणि निधी शेवटी उरेल. त्यात निधी बुडण्याचा धोका नाही, वर्गणी तेवढी जड वाटेल.

विमा_सोबती (अकोला)

माझी शंका वेगळीच आहे. पाच ते सोळा हा पट्टा प्रत्येकाचा मृत्यू दुसऱ्यापासून स्वतंत्र धरून काढलेला आहे. एका गावातले चाळीस जण एकच पाणी पितात, मे महिन्याच्या उन्हात एकाच शिवारात राबतात, नापिकी आली तर एकदमच सगळ्यांवर येते. २०२१ च्या उन्हाळ्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले. तो पट्टा मला फार अरुंद वाटतो.

रेघोट्या (अमरावती)

तो अरुंदच आहे, हे मान्य. पण नेमका किती रुंद करावा, याला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. सारणी फक्त सरासरी देते, माणसे एकदम जाण्याचा धोका तीत नसतो. मी असतो तर नियमातच लिहिले असते की एका वर्षात चारपेक्षा जास्त मृत्यू झाले, तर त्या वर्षी हाती असलेली रक्कम सर्व कुटुंबांना समान वाटली जाईल.

विमा_सोबती (अकोला)

हे मला पटत नाही. पाचव्या कुटुंबाला कमी मिळाले की योजनेवरचा विश्वासच जातो. त्यापेक्षा वर्गणी ९०० ठेवावी.

शिवारवाटा (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

दोन्ही पर्याय सभेपुढे ठेवतो. आधी महाराष्ट्राच्या ग्रामीण पुरुषांच्या सारणीतून ६० आणि ७० चे आकडे घेऊन ७४ च्या जागी खरा आकडा बसवीन, आणि त्यानंतर वर्गणी पुन्हा काढीन. एक प्रश्न मात्र उरतो. योजनेची बातमी पसरल्यावर शेजारच्या गावातील काहींनी सभासद होण्याची इच्छा दर्शवली आहे. त्यांच्यापैकी दोघे गेल्या वर्षभरात दोनदा दवाखान्यात भरती झालेले आहेत. त्यांनाही साठीचाच दर लावावा का?

रेघोट्या (अमरावती)

नाही. तुमचे मूळ चाळीस जण तब्येत न पाहता एकत्र आलेले आहेत, म्हणून त्यांना सारणीची सरासरी लावता येते. योजना जाहीर झाल्यावर स्वतःहून येणाऱ्यांत आजारी माणसांचे प्रमाण जास्त असते, आणि त्यांना तीच वर्गणी लावली तर जुने सभासद त्यांचा खर्च उचलतात. नव्या सभासदाला पहिली दोन वर्षे पूर्ण रक्कम न देता त्याने भरलेली वर्गणीच परत करायची, असा नियम ठेवावा. त्या दोघांना घ्यायचे की नाही, हे सारणी सांगणार नाही. ते तुमच्या सभेनेच ठरवावे.

संत्राबाग (मोर्शी)

आमच्याकडेही असे मंडळ काढायचा विचार आहे, पण त्यात नवरा-बायको दोघेही सभासद असतील. बायकांसाठी वेगळी सारणी घ्यावी लागेल का?

रेघोट्या (अमरावती)

होय. साठीनंतर स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांपेक्षा कमी असतो, त्यामुळे पुरुषांचा आणि स्त्रियांचा भागाकार वेगवेगळा काढून मग मृत्यूंची बेरीज करावी. आपल्या मंडळातील सभासदांची वये आणि संख्या येथे लिहा, बसवून पाहू.